ट्रॅकिंग नंबरच्या शेपटीतला देश

तुम्ही विचारलंत: ‘विक्रेता चीनमधला आहे, पण ट्रॅकिंग नंबरच्या शेवटी NL दिसतंय. मग माझं पार्सल निघालं तरी कुठून?’

बहुधा चीनमधूनच. NL एवढंच सांगतं की हा नंबर नेदरलँड्सच्या टपालसेवेचा आहे. जागतिक टपाल संघाच्या S10 या मानकानुसार अशा नंबरात तेरा खुणा असतात: आधी सेवेची दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. एखाद्या देशाची टपालसेवा परदेशातल्या व्यापाऱ्यांचंही टपाल घेते. त्यांचा माल गठ्ठ्याने त्या देशात नेऊन तिथून टपालात सोडला जातो, किंवा टपालसेवेच्या परदेशातल्या केंद्रातून थेट तुमच्याकडे रवाना होतो. दुसऱ्या वाटेने आलेल्या पार्सलाने नेदरलँड्सची जमीन पाहिलेलीसुद्धा नसते.

खरी सुरुवात शोधायची तर ट्रॅकिंगमधली सगळ्यात जुनी नोंद बघा. मात्र ‘पाठवणाऱ्याकडून माहिती मिळाली’ ही नोंद धरू नका; तेव्हा फक्त लेबल तयार झालेलं असतं, वस्तू अजून विक्रेत्याकडेच असू शकते. पार्सल प्रत्यक्ष स्वीकारल्याची पहिली नोंद कुठली आहे, ते महत्त्वाचं. हातात आल्यावर CN22 किंवा CN23 हे कस्टमचं लेबल वाचा. विक्रीच्या मालासाठी त्यावर वस्तू मुळात कुठल्या देशातली, हेही लिहायचं असतं, आणि ते NLशी जुळलंच पाहिजे असं नाही.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. उदाहरणादाखल RR473124829CN हा नंबर घेऊ. शेवटचा आकडा 9 हा तपासणीचा. आधीच्या आठ आकड्यांना ओळीने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणून बेरीज करा: 200 येते. 11 ने भागल्यावर बाकी 2, आणि 11 मधून 2 गेले की 9. जुळलं. (वजाबाकी 10 आली तर 0 लिहितात, 11 आली तर 5.) आकडा चुकला की हा हिशेब सहसा फसतो आणि चूक पकडली जाते. पण अक्षरं या हिशेबात येतच नाहीत! CN ऐवजी CH टाइप झालं, तरी तपासणी तितकीच बरोबर येते आणि चीनचा नंबर स्वित्झर्लंडचा होऊन बसतो. AT ऑस्ट्रिया आणि AU ऑस्ट्रेलिया यांचंही तसंच. म्हणून ‘नोंद सापडत नाही’ असं आलं, तर आकडे पुन्हा पुन्हा तपासण्याआधी शेवटची अक्षरं मूळ लेबलाशी ताडून बघा.

पार्सल परत गेलं तरी नंबर सहसा तोच राहतो. त्यामुळे उलट्या प्रवासातही शेपटीत पहिलाच देश दिसतो. खाजगी कुरिअरचे नंबर मात्र त्यांच्या त्यांच्या पद्धतीचे असतात; त्यांच्या शेवटच्या अक्षरांत देश शोधायला जाऊ नका.