तेल, ग्रीस की ग्रॅफाइट? गावच्या घरातली कुरकुर

दरवर्षी गणपतीच्या आधी गुहागरजवळचं आमचं घर उघडावं लागतं, आणि पावसाळाभर बंद राहिलेलं लोखंड आपली तक्रार लगेच ऐकवतं. यंदा पुढच्या दाराच्या नाइट लॅचमध्ये किल्ली जात होती पण फिरत नव्हती. मागच्या दाराचं कुलूप मात्र उघडलं, म्हणून आत शिरता तरी आलं. आतली दारं कुरकुरत होती आणि पडवीतली सायकल पेडल मारलं की चिवचिवत होती. आमच्याकडे या सगळ्यावर पूर्वापार एकच औषध, खोबरेलाची बाटली.

खोबरेल त्या दिवसापुरतं काम करतं, नाही असं नाही. पण पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते थिजतं, आणि इतर खाद्यतेलं हवेने हळूहळू चिकट होत जातात. शिलाई मशीनचं तेल खनिज असतं. ते पातळच राहतं आणि एक लहानशी बाटली वर्षानुवर्षं पुरते. म्हणून घरात ते ठेवायचं ठरलं. तरीही ते प्रत्येक जागी चालत नाही, आणि न चालण्याची मुख्य जागा म्हणजे नाइट लॅच.

अडलेल्या लॅचमधून किल्ली बाहेर काढली तर तिच्या खाचांत काळसर चिकट राप होता. निदान तिथेच झालं. या कुलपाच्या नळकांड्यात पितळेच्या पिनांच्या जोड्या एका ओळीत असतात, प्रत्येकीवर केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली घातली की तिचे दात प्रत्येक जोडी नेमकी तेवढीच उचलतात, जोडीतला सांधा नळकांड्याच्या आतल्या गाभ्याच्या कडेच्या रेषेत येतो आणि तो गाभा फिरतो. पिन आणि तिचं भोक यांच्यात जागा अगदी थोडी असते. तेल तिथे धूळ धरतं, त्याचा चिखल होतो आणि मग ती नाजूक स्प्रिंग पिनेला खाली ढकलू शकत नाही. एक पिन जरी अर्ध्यात अडकली तरी किल्ली फिरत नाही. अशा वेळी आणखी तेल घातलं की चिखल पातळ होतो, कुलूप उघडतं, आपण खूश होतो. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, कारण धूळ आतच असते.

त्यामुळे आधी धुणं आलं. दाराच्या आतल्या बाजूने लॅचची पेटी उतरवली, मागची पट्टी धरणारे दोन लांब स्क्रू काढले, तसं नळकांडं बाहेरच्या बाजूने हातात आलं. अंगणात, चुलीपासून लांब, ते रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलं आणि अधूनमधून किल्ली आतबाहेर करत राहिलो. टर्पेंटाइन चहासारखं तपकिरी झालं. ते ओतून टाकून नव्याने घेतलं, आणि किल्ली स्वच्छ बाहेर येईपर्यंत हेच चाललं. रॉकेल वापरलं नाही. ते उडून जायला वेळ लागतो आणि मागे तेलकटपणा ठेवतं. मग नळकांडं दिवसभर वाळू दिलं. ही पायरी गाळायची नाही, ओलसरपणावर ग्रॅफाइट पडलं की त्याचीही काळी लापशीच होते.

ग्रॅफाइट कोरडंच काम करतं. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि धातूवर पातळ काळा लेप बसतो, ज्याला धूळ चिकटत नाही. बारीक तोंडाच्या नळीतून त्याची पूड मिळते. आमच्या गावात ती मिळणं अवघडच, म्हणून चित्रकलेची ६बी पेन्सिल आणली. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर चिकणमाती असते, आणि पेन्सिल जितकी मऊ तितकी माती कमी. साध्या एचबीपेक्षा ६बी बरी ती त्यामुळे. किल्लीच्या दातांवर आणि खाचांवर पेन्सिल घासली, किल्ली न फिरवता आतबाहेर केली, मग फिरवली. एवढं दोनतीनदा केल्यावर किल्ली सहज फिरली. पूड मिळाली तरी चिमूटभरच घालावी, जास्त झाली तर तीही पिनांखाली साठते. आणि किल्ली पुसल्याशिवाय खिशात टाकू नये. पांढऱ्या लेंग्यावरचा तो डाग आईने मला दोनदा दाखवला.

मागच्या दाराच्या कुलपाला मात्र ग्रॅफाइट नको. ते लोखंडी, पावसाचं पाणी झेलणारं. ग्रॅफाइट गंज थांबवत नाही आणि पाण्याबरोबर वाहूनही जातं. या जुन्या लिव्हरच्या कुलपात आतल्या पट्ट्यांना जागा ऐसपैस असते, थोडी धूळ त्यांना चालून जाते. तिथे मशीनचं तेल: आकडा ज्या भोकांत जातो तिथे थेंबभर, किल्लीच्या भोकात थेंबभर, आणि टांगताना किल्लीचं भोक खाली.

बिजागऱ्यांना फार वेळ लागला नाही. कुरकुर होते ती पिन आणि तिच्याभोवतीच्या नळ्या यांच्यात, विशेषतः दाराचा भार नळीवर नळी दाबतो तिथे. नुसतं वरून तेल सोडलं तर ते दाबलेल्या फटीत शिरत नाही. दाराखाली पाचर सरकवून भार जरा उचलायचा, तेल सोडायचं आणि दार हलवत राहायचं. काळं पाणी बाहेर आलं की समजावं, आत पोचलं. ते झिजलेल्या लोखंडाचं आणि गंजाचं असतं, पुसून टाकायचं. फाटकाच्या बिजागरीला मात्र ग्रीस लावलं. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल, ते ओघळत नाही आणि पाण्याने चटकन धुतलं जात नाही. पण ते फटीत आपण होऊन शिरतही नाही, म्हणून फाटक पहारीने उचलून खुंटीवरून काढलं, खुंटी घासली, ग्रीस फासलं आणि परत बसवलं. जिथे भाग सुटा करता येत नाही तिथे ग्रीस बाहेरच बसतं आणि कुरकुर आत चालू राहते.

सायकलच्या साखळीवर ग्रीस लावलेलं आपल्याकडे सर्रास दिसतं, आणि नेमकी हीच अडचण तिथे होते. साखळीचं घासणं दिसतं त्या बाजूला नसतंच, ते प्रत्येक रोलरच्या आत, पिनेभोवती होतं. बाहेरच्या ग्रीसमध्ये लाल मातीचे कण अडकतात आणि ते मिश्रण हळूहळू साखळीला घासतं. मी साखळी रॉकेलने धुऊन वाळवली, पेडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकेक थेंब टाकला, रात्रभर ठेवली, आणि सकाळी फडक्याने बाहेरून शक्य तितकी कोरडी पुसली. आत गेलेलं तेल पुसलं जात नाही, बाहेरचं राहिलं तर धूळ धरतं.

चिवचिव गेली, पण चढावर साखळी उडी मारत होती. गावातल्या सायकलवाल्या काकांनी लोखंडी पट्टी लावली. नव्या साखळीत एका पिनेपासून चोवीस पिना पुढे मोजलं की बरोबर १२ इंच भरतात. आमची एक अष्टमांश इंचाने जास्त होती. "अहो, ही पिनेपिनेत झिजलीय, आता तेलाने काय होणार?" नवी साखळी घेतली, आणि फ्रीव्हीलचे दात आकड्यासारखे वाकले होते म्हणून तेही बदललं, नाहीतर नवी साखळीही तिथे उडतेच. मी नवी साखळी धुवायला घेतली तर काकांनी हात धरला. कारखान्यातून आलेली साखळी आतपर्यंत ग्रीस मुरवूनच येते, ती तशीच चढवायची, फक्त बाहेरून पुसून.