काकडी आणि माझा टाळू

आज ठाणे स्टेशनबाहेर तिखट-मीठ लावलेली काकडी खाल्ली आणि दोन मिनिटांत टाळूला खाज, ओठांना मुंग्या. मी बिचाऱ्या तिखटाला दोष देत बसले! मग आठवलं, परवा सफरचंदानेही हेच झालं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "पाऊस संपता संपता गवताच्या परागांनी शिंका येतात ना तुम्हाला? त्या परागांसारखंच एक प्रथिन काकडीत असतं. शरीर फसतं." हे प्रथिन उष्णतेने मोडतं, म्हणून शिजवलेलं बहुधा चालतं. खरंच की, आईच्या हातचं काकडीचं थालीपीठ मला कधीच बाधलं नाही. कोशिंबीर मात्र बंद.

खाज अर्ध्या तासात गेली. पण घसा सुजला, श्वास लागला किंवा अंगावर गांधी उठल्या, तर थेट हॉस्पिटल गाठायचं, असं त्यांनी दोनदा बजावलंय.