बँकेचं व्याज १० टक्के, तरी साडेअकरा टक्के देणारं मशीन आम्ही १ कोटीला का नाकारलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब सांभाळतो. आमच्या मालकांना, म्हणजे दादांना, १ कोटीचं व्हीएमसी, म्हणजे कास्टिंग कापून, छिद्रं पाडून नेमक्या मापात आणणारं संगणकावरचं मशीन घ्यायचं होतं. बाहेर देत असलेलं मशीनिंगचं काम आत आणलं की कर भरून वर्षाला २४ लाख सुटणार होते, ६ वर्षं. मी एक्सेलमध्ये आयआरआर, म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला पडणारा परतावा काढला, साडेअकरा टक्के आला.

दादा म्हणाले, "बँक दहा टक्क्यानं देत्या, मशीन साडेअकरा देतंय. मग अडतंय कुठं?"

मलाही तेव्हा ते पटलं होतं. पण आमच्या सीए मॅडमनी कागद बघून एकच विचारलं, "दादांच्या स्वतःच्या पैशाला तुम्ही किती टक्के लावलेत?" मी काहीच लावले नव्हते. बँकेला व्याज द्यावं लागतं म्हणून तो खर्च दिसतो. मालकाचा पैसा व्याज मागत नाही, म्हणून तो फुकटचा वाटतो. पण तोच पैसा तेवढीच जोखीम घेऊन दुसऱ्या कुठल्या धंद्यात घातला तर काय मिळालं असतं, ती त्याची किंमत.

ती काढायला दोन दिवस गेले. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचे ७ टक्के धरले. शेअर बाजाराच्या जोखमीसाठी वरचे ७ टक्के धरले. आमची कंपनी लिस्टेड नाही, म्हणून लिस्टेड फाउंड्र्यांचे बीटा, म्हणजे बाजार हलला की त्यांचे शेअर त्याच्या किती पट हलतात ते आकडे घेतले, त्यांतून त्यांच्या कर्जाचा परिणाम काढला आणि आमच्या कर्जाचा घातला. बीटा १.३ आला. १.३ गुणिले ७ म्हणजे ९.१, त्यात ७ मिळवले की साधारण १६ टक्के. कर्जाचे १० टक्के मात्र खरे साडेसातच पडतात, कारण व्याज खर्चात जातं आणि तेवढा २५ टक्क्यांचा कर वाचतो.

आता प्रमाण. ताळेबंदात मालकांचे ६ कोटी आणि बँकेचे ८ कोटी होते. त्या प्रमाणात सरासरी ११.१ टक्के आली आणि मशीन १ लाखाच्या फायद्यात दिसलं. मी खूश झालो. पण ते ६ कोटी जुन्या नोंदींचे होते. आज कंपनी विकायची म्हटली तर कर्ज वजा जाता १२ कोटी तरी येतील. दादांनी आज खरोखर गुंतवून ठेवलेत ते हे १२ कोटी. म्हणजे प्रमाण ६०:४०. साठ टक्क्यांना १६ प्रमाणे ९.६, चाळीस टक्क्यांना साडेसात प्रमाणे ३. एकूण १२.६ टक्के. या दराने सहा वर्षांच्या २४-२४ लाखांची आजची किंमत ९७ लाख होते. मशीन १ कोटीचं. ३ लाखांची खोट.

दादांना टक्केवारीत सांगून उपयोग नव्हता, म्हणून रुपयांत मांडलं. १ कोटीतले ४० लाख बँकेचे, त्यांना ३ लाख. ६० लाख तुमचे, त्यांना ९ लाख ६० हजार. दोघांचं समाधान व्हायला १२ लाख ६० हजार सुटायला हवेत. २४ लाखांतून मुद्दलाची परतफेड बाजूला काढली की मशीन देतंय साडेअकरा लाख. बँक आपले ३ लाख आधी घेणार, तुम्हाला उरले साडेआठ. म्हणजे १६ च्या जागी जेमतेम १४ टक्के.

"पण या मशीनला बँक ७५ लाख देत्या की!" दादांचा हा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि बहुतेक जण इथेच फसतात. बँक ७५ लाख देते ती एकट्या मशीनकडे बघून नव्हे. तिच्यामागे शेड गहाण आहे, दादांची वैयक्तिक हमी आहे. ती पत यंदा या मशीनवर खर्च झाली, तर पुढच्या वर्षी १४ टक्के देणारं काम आलं की बँक म्हणेल, आता तुमचे पैसे घाला. तेव्हा १६ टक्के लावून आपण ते चांगलं काम नाकारू आणि साडेअकराचं आधीच घेऊन बसलेलो असू. म्हणून प्रत्येक कामाला संपूर्ण कंपनीचीच सरासरी लावायची.

माझी आणखी एक चूक मॅडमनी पकडली. पहिल्या खर्ड्यात मी २४ लाखांतून व्याजही वजा केलं होतं. व्याज १२.६ मध्ये आलेलंच असतं, पुन्हा वजा केलं तर तो दुहेरी मार होतो.

शेवटी दादांनी विचारलं, "मग कितीला परवडतंय?" ९७ लाखांना बरोबरी, त्याखाली फायदा. विक्रेत्याशी तीन बैठका झाल्या, टूलिंगसह ९४ लाखांवर सौदा ठरला आणि आम्ही मशीन घेतलं.

आता छतावरच्या सोलरचा प्रस्ताव टेबलावर आहे. त्याला १२.६ लावायला मी तयार नाही. वाचणारं वीजबिल कास्टिंगच्या ऑर्डरींइतकं वरखाली होत नाही, जोखीम कमी आहे, तर दरही कमीच हवा. तो किती, यावर मॅडमशी सध्या रोज चर्चा चालू आहे.