‘ओके. नोटेड.’

शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी, दादर सोडलेल्या विरार लोकलमध्ये, दोन ओल्या छत्र्यांच्या मधे उभी असताना हॅम्बुर्गच्या माझ्या जर्मन ग्राहकाचं उत्तर आलं : ‘ओके. नोटेड.’

मी त्यांना बारा ओळी लिहिल्या होत्या. पंप बसवण्याची अकरा ड्रॉइंग पाठवत आहे, बारावं मंगळवारी देते, उशिराबद्दल क्षमस्व, आणि शिवाय एक प्रश्न. त्यावर हे दोन शब्द. अंधेरीपर्यंत मी ते काम हातातून गेलं असं धरून चालले होते.

दोष आपल्या कानांचा आहे. आई फोनवर ‘बरं’ म्हणते तेव्हा तो ‘बरं’ खुशीचा, कंटाळ्याचा की ‘बघते तुला’ असा आहे, हे मला सुरावरून कळतं. लेखी ‘नोटेड’ला सूर नसतो. मग आपण आपल्या भीतीचा सूर त्याला लावतो आणि तोच ऐकत बसतो.

बोरिवलीला बसायला जागा मिळाली तेव्हा डोकं थोडं चालू लागलं. या गृहस्थांची आधीची उत्तरं काढली. शेवटच्या वीसांपैकी चौदा पाच शब्दांच्या आतली. काम नावाजल्याचं उत्तरसुद्धा ‘गुड, थँक्स’ एवढंच. म्हणजे माणूस मुळातच मितभाषी. त्याला माझ्या आईच्या मापाने मोजण्यात अर्थ नव्हता, त्याच्याच मापाने मोजायला हवं होतं. मग वेळ पाहिली. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिकडे दुपारचे ४ वाजून १२ मिनिटं. शुक्रवारची दुपार. खाली कंपनीची नेहमीची लांबलचक सही नाही, फक्त आयफोनवरून पाठवल्याची जर्मन ओळ. हा मनुष्य बहुधा ऑफिसबाहेर पडला होता आणि अंगठ्याने टाइप करत होता. ‘सीसी’त नवं नाव कुणाचंच नव्हतं.

खरा राग कसा दिसतो, तेही मला ठाऊक होतं. फक्त तो दिसला तेव्हा ओळखला नव्हता. तीन वर्षांपूर्वी याच गृहस्थांकडून चांगलं भरगच्च पत्र आलं होतं. एरवी नुसत्या नावाने हाक मारणाऱ्यांनी त्यात ‘डिअर मिस’ लिहून आडनाव घातलेलं. माझ्या अमुक तारखेच्या पत्राचा संदर्भ, ऑर्डर नंबर, ‘आपणास नम्र विनंती’. इंग्रजी पत्राच्या शेवटी सवयीने येणारं घरगुती जर्मन ‘फीले ग्रूसं’ जाऊन तिथे औपचारिक ‘मिट फ्रॉइंडलिशन ग्रूसन’, आणि सीसीत खरेदी विभाग. किती अदबीने लिहितात ही माणसं, म्हणून मी समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं की ती तक्रार होती. चिडल्यावर ते आखडत नाहीत, उलट सविस्तर होतात. अदब वाढली की समजावं, आता कागद फाइलला लागणार. आपल्याकडेही आई चिडली की मला ‘अहो बाई’ म्हणतेच की!

मग ‘ओके. नोटेड.’मध्ये काळजीचं काही नव्हतं का? होतं, पण रागाचं नव्हे. मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या आणि उत्तर एकाच गोष्टीला लागू पडत होतं. उशीर नोंदला, ठीक. पण पंप आणि भिंत यांच्यात जुन्या ड्रॉइंगप्रमाणे ६०० मिलिमीटर जागा सोडू की नव्या मोटरसाठी ७५०, याला ‘ओके’ म्हणजे कोणतं? प्रश्न बाराव्या ओळीत होता. फोनच्या पडद्यावर तिथवर कोण उतरतं? ही चूक माझीच.

‘तुम्ही नाराज तर नाही ना?’ असं विचारण्याचा मोह झाला होता. त्याने समोरच्याला माझी समजूत काढण्याचं जादा काम लागलं असतं. त्याऐवजी दोन ओळी धाडल्या : सोमवारी तुमच्या दुपारी १२ पर्यंत वेगळं काही कळलं नाही, तर ७५० धरते.

सोमवारी उत्तर आलं, ‘पास्ट.’ एकच शब्द! जर्मन शब्दकोश उघडला. ‘जुळतं, बसतं.’ आपलं ‘चालेल’ म्हणा ना. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागात तर म्हणच आहे की, ओरडलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. हॅम्बुर्ग उत्तरेला आहे खरं, पण मी ती म्हण तिथवर ओढून घेतली.

ऑगस्टमध्ये त्यांचं पुन्हा लांब पत्र आलं. ‘डिअर’ने सुरुवात, सीसीत सात नावं. माझ्या पोटात गोळा. वाचलं तर साहेब तीन आठवडे सुट्टीवर चालले होते, आणि सगळ्यांना एकच मजकूर होता. तोवर सहकाऱ्याशी बोलावं, असं लिहिलेलं.

सहकाऱ्याला मी ड्रॉइंग पाठवली. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं : ‘ओके.’

याची जुनी पत्रं माझ्याकडे एकही नाहीत.