जलोदरातले प्रथिन

त्या सकाळी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एकोणतीस वर्षांच्या रुग्णेच्या कागदांवर 'सिरोसिस' हे निदान तीन वेळा लिहिलेले होते, आणि चौथ्यांदा ते मीही लिहिणार होतो. तीन महिन्यांपासून पोट फुगत होते, दोनदा सुई घालून पाणी काढले होते आणि सोनोग्राफीच्या अहवालात यकृताचा पृष्ठभाग खडबडीत असल्याची नोंद होती. मद्यपानाचा इतिहास मात्र नव्हता आणि हेपटायटिस बी व सी या दोन्हींच्या तपासण्या निगेटिव्ह होत्या.

पोट तपासताना पहिली शंका आली. बरगडीखाली चार बोटे उतरलेले यकृत हाताला लागत होते आणि दाबताच त्या कळवळल्या. सिरोसिसचे यकृत बहुधा आक्रसते आणि सहसा दुखत नाही. हे तर रक्ताने तटतटले होते. यकृत असे तुंबते ते त्यातून रक्त बाहेर पडण्याची वाट अडल्यावर, आणि ही अडचण हृदयाशी असू शकते किंवा यकृतातून रक्त वाहून नेणाऱ्या तीन यकृतशिरांत. हृदयाशी असती तर मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या असत्या. त्या फुगलेल्या नव्हत्या, यकृत दाबल्यावरही भरत नव्हत्या, आणि इकोही सर्वसाधारण होता.

जुन्या फायलीत पोटातल्या पाण्याचा अहवाल होता, पण त्याकडे कोणी नीट पाहिलेले दिसत नव्हते. दर डेसिलिटरला रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन 3.3 आणि पाण्यातील 1.6 ग्रॅम, म्हणजे फरक 1.7, हा फरक 1.1 किंवा त्याहून अधिक असला की पाणी शिरांमधील दाब वाढल्याने साचले आहे, असे समजतात. सिरोसिसमध्येही हेच दिसते. बोलका होता तो दुसरा आकडा : पाण्यातील एकूण प्रथिने 3.6 ग्रॅम. सिरोसिसमध्ये यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती व्रणांनी जाड होतात, प्रथिने फारशी पाझरत नाहीत आणि हा आकडा बहुधा 2.5 च्या खाली राहतो. इथे त्या भिंती अजून पाझरत होत्या. दोष त्यांच्या पुढे होता.

डॉप्लर सोनोग्राफी मी क्ष-किरणतज्ज्ञांच्या शेजारी उभे राहून पाहिली. मधली व डावी यकृतशीर दोऱ्यासारखी झाली होती. उजवी मात्र महाशिरेला मिळते तेथेच जेमतेम एक सेंटिमीटर अरुंद होती. यकृताचा कॉडेट लोब फुगलेला होता, कारण त्याच्या स्वतःच्या छोट्या शिरा थेट महाशिरेत उघडतात आणि मोठ्या वाटा बंद झाल्या तरी तो तग धरतो. निदान बड-कियारी विकाराचे, म्हणजे यकृतशिरा गुठळीने बंद होण्याचे होते.

त्याच दुपारी सतरा वर्षांचा एक मुलगा रक्ताची उलटी होऊन दाखल झाला. त्याची प्लीहा मोठी होती, पण पोटात पाणी नव्हते आणि यकृताच्या तपासण्या जवळजवळ सर्वसाधारण होत्या. त्याची पोर्टल शीर, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणारी शीर, बालपणीच कधीतरी गुठळीने बंद झाली असावी; तिच्या जागी बारीक पर्यायी शिरांचे जाळे दिसत होते. अडथळा यकृताच्या अलीकडे असल्याने दाब अन्ननलिकेतील शिरांवर आला होता आणि यकृत स्वतः सुखरूप होते. दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी कडी बसवून रक्तस्राव थांबवला. गुठळी ताजी असती तर रक्त गोठू न देणारी औषधे लगेच सुरू केली असती. इतक्या जुन्या गुठळीवर ती शीर उघडण्याची आशा फारशी नसते.

रुग्णेला मात्र हीच औषधे हवी होती. आधी दुर्बिणीने अन्ननलिका पाहिली, कारण मोठ्या फुगीर शिरा असत्या तर प्रथम त्यांचा बंदोबस्त करावा लागला असता. तशा नव्हत्या, म्हणून हेपरिनची इंजेक्शने सुरू केली. दोन दिवसांनी उजव्या यकृतशिरेत फुगा फुगवून स्टेंट बसवला. अरुंद भागाच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक 18 वरून 4 मिलिमीटर झाला. तिन्ही शिरा पूर्ण बुजलेल्या असत्या तर यकृतातून नवा मार्ग काढणारी टिप्स शस्त्रक्रिया आणि तीही अपुरी ठरल्यास प्रत्यारोपण, एवढेच पर्याय उरले असते.

गुठळी का झाली, याचा धागा रक्ताच्या अहवालात होता. शिरांतील दाब वाढून प्लीहा मोठी होते तेव्हा प्लेटलेट कमी असायला हव्यात. या रुग्णेच्या 4,60,000 होत्या. म्हणून जेएके-2 जनुकाची तपासणी केली आणि त्यात बदल आढळला : अस्थिमज्जा रक्तपेशी गरजेपेक्षा अधिक बनवत होती. हा विकार रक्तविकारतज्ज्ञांकडे सोपवला आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या.

तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा वजन नऊ किलोंनी उतरले होते आणि यकृत बरगडीखाली दोनच बोटे लागत होते.

"डॉक्टर, पोट उतरलं, आता वॉरफरिन थांबवायचं ना?" त्यांनी विचारले.

"नाही. तुमच्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती तशीच आहे. औषध थांबवलं तर स्टेंटमध्येच गुठळी होईल. गर्भधारणेचा विचार असेल तर मात्र आधी सांगा, वॉरफरिन बदलावं लागेल."

त्यांनी फाईल उघडून आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या तपासणीची पुढची तारीख लिहून घेतली. तो 2 ते 3 च्या दरम्यान ठेवायचा होता आणि त्या दिवशी 1.7 आला होता.