पूल ओलांडला की सुट्टी बदलते

२०२५ च्या १५ ऑगस्टला, शुक्रवारी सकाळी, आईचा नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. इंदिरानगरला आमच्या सोसायटीत झेंडावंदन उरकलं होतं, जिलेबीचा पुडा टेबलावर होता आणि बाबा मागे पेपर वाचत बसले होते. "तुला ऑफिस असेल ना रे आज?" आईने विचारलं. मी म्हणालो, "नाही गं, इथेही सुट्टी आहे." खरंच वाटत होतं मला तसं. खालचं सुपरमार्केट बंद होतं, रस्त्यावर रविवारसारखी शांतता होती आणि ऑफिसच्या सिस्टीममध्ये माझ्या नावापुढे त्या दिवशी Feiertag, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, असं लिहिलेलं होतं.

साडेनऊला टीम लीडचा फोन आला. मी कुठे आहे, नऊच्या मीटिंगला का नव्हतो, असं तो विचारत होता. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

मी राहतो जर्मनीत, नॉय-उल्ममध्ये, आणि ऑफिस आहे उल्ममध्ये. मधे डॅन्यूब नदी आहे. हेर्डब्रुके नावाच्या पुलावरून चालत पलीकडे गेलं की उल्म, आणि नदीच्या अलीकडूनही तिथल्या चर्चचा १६१ मीटर उंचीचा मनोरा दिसतो. पंचवटीतून मेन रोडला जावं इतकंच ते अंतर. पण नॉय-उल्म बायर्न राज्यात येतं आणि उल्म बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. १५ ऑगस्टला ख्रिस्ती परंपरेत मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. त्याची सुट्टी नदीच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. मी साडेदहापर्यंत ऑफिसात पोचलो, संध्याकाळी उशिरापर्यंत बसलो आणि माझ्या कामाच्या वेळा लवचिक असल्यामुळे रजा वाया गेली नाही. पण सोमवारी एचआरकडे जाऊन ही चूक झाली कशी, ते समजून घेतलं. ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडून येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच जागी अडखळतो.

आपण नाशिकमध्ये नोकरी करतो तेव्हा सुट्ट्यांची यादी कंपनीची असते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्याला कारणही आहे. महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. म्हणून डिसेंबरात एचआरचा मेल येतो, आपण तो फ्रिजवर लावतो आणि विषय संपतो. अंबडमधला माझा एक मित्र बदली होऊन वापीला गेला, तेव्हा त्याला १४ जानेवारीला उत्तरायणाची सुट्टी मिळाली. त्याला वाटलं कंपनीने दिली. पण ती गुजरात राज्याच्या यादीतली होती.

जर्मनीत नऊ सुट्ट्या सगळ्या देशाला सारख्या आहेत: नववर्षाचा दिवस, गुड फ्रायडे, ईस्टर सोमवार, १ मे, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेन्टेकॉस्टचा सोमवार, ३ ऑक्टोबर, आणि नाताळचे २५ व २६ डिसेंबर. त्यांवरच्या सुट्ट्या प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवतं. बर्लिनमध्ये एकूण दहा होतात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बारा. बायर्नमध्ये तर राज्याच्याही खाली, गावपातळीवर फरक पडतो. १५ ऑगस्टची सुट्टी तिथे ज्या गावात प्रोटेस्टंटांपेक्षा कॅथलिक जास्त आहेत, त्याच गावाला मिळते आणि कोणतं गाव कशात बसतं याची यादी राज्याचं सांख्यिकी कार्यालय जाहीर करतं. आउग्सबुर्ग शहराला तर ८ ऑगस्टची एक सुट्टी आहे, ती शहराच्या हद्दीबाहेर कुणालाच नाही.

या सगळ्यातली तुमची यादी कुठली, हे तुमचं घर कुठे आहे किंवा कंपनीचं मुख्य ऑफिस कुठे आहे यावर ठरत नाही. नेमणुकीचं ठिकाण ज्या राज्यात, त्या राज्याची यादी. इथे त्याला आर्बाइट्सऑर्ट म्हणतात आणि नोकरीच्या करारात ते लिहिलेलं असावं लागतं. माझ्या बाबतीत एचआरच्या सिस्टीमने राज्य उचललं होतं घरच्या पत्त्यावरून. भरणाऱ्याला ते खटकलंही नसणार, कारण उल्मचा पिनकोड ८९०७३ आणि आमचा ८९२३१. पहिले दोन आकडे सारखे, गावाचं अर्धं नावही सारखं.

एचआरमधल्या बाईंनी चूक लगेच मान्य केली आणि दुरुस्तही केली. मी विचारलं, आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करतो, मग पुढच्या १५ ऑगस्टला काय? त्यांचं उत्तर असं होतं की यादी उल्मचीच राहील, पण त्या दिवशी घरून काम करू नका, ऑफिसात या. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी माणसाला कामाला लावायला इथल्या कायद्यात साधारणपणे मनाई आहे, आणि घरी बसलो तर मी सुट्टी असलेल्या गावात बसून काम करत असतो. मला हे उत्तर पटलं. त्यांनीच मग एका निकालाबद्दल सांगितलं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातला एक सरकारी सेवेतला कर्मचारी १ नोव्हेंबर २०२१ ला प्रशिक्षणासाठी शेजारच्या हेसन राज्यात गेला होता. त्याच्या राज्यात त्या दिवशी सुट्टी, हेसनमध्ये नाही. सुट्टीच्या दिवशी काम केल्याचा जादा मोबदला त्याला मिळावा का, हा वाद सर्वोच्च कामगार न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, की त्याच्या वेतनकराराप्रमाणे नेहमीचं कामाचं ठिकाण धरायचं, त्या दिवशी तो कुठे होता ते नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. अंबडच्या कंपनीतला माझा एक जुना सहकारी येत्या ५ जानेवारीला, सोमवारी, उल्ममध्ये रुजू होतोय. कंपनी माझी नाही, दुसरी आहे. मागच्या आठवड्यात त्याने ऑफर लेटरबरोबर आलेली २०२६ ची यादी मला पाठवली आणि विचारलं, "दादा, हीच लागू ना?"

यादी उघडली आणि मी सरळ ऑक्टोबरवर गेलो. ३१ ऑक्टोबर होता. तेवढ्यावरून कळलं की यादी उल्मची नाही. ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. ३१ ऑक्टोबर हा प्रोटेस्टंटांचा दिवस आणि तो उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या राज्यांत असतो. १ नोव्हेंबर कॅथलिकांचा, तो दक्षिणेकडच्या व पश्चिमेकडच्या राज्यांत. दोन्ही असलेलं राज्य नाही; बर्लिन आणि हेसनसारखी दोन्ही नसलेली मात्र आहेत. मग ६ जानेवारी पाहायचा. तो फक्त बाडेन-व्युर्टेम्बर्ग, बायर्न आणि सॅक्सनी-आनहाल्टमध्ये सुट्टीचा आहे. त्याच्या यादीत तोही नव्हता. विचारल्यावर कळलं की कंपनीचं मुख्य ऑफिस हाम्बुर्गला आहे. त्यांनी आपली यादी सगळ्यांना पाठवून दिली होती.

दोन्ही याद्या शेजारी ठेवून आम्ही फोनवर हिशेब केला. हाम्बुर्गच्या यादीत दहा दिवस, उल्मच्या बारा. उल्मला जास्तीचे ६ जानेवारी, फ्रोनलाइख्नाम या कॅथलिक सणाचा ४ जून, आणि १ नोव्हेंबर. ३१ ऑक्टोबर नाही. पण २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो आणि १ नोव्हेंबर रविवारी. शनिवार-रविवारी आलेली सुट्टी इथे सोमवारी भरून मिळत नाही, ती गेलीच. येत्या वर्षात ३ ऑक्टोबर आणि २६ डिसेंबरही शनिवारीच आहेत. म्हणजे त्याच्यापुरता खरा फरक दोन कामाच्या दिवसांचा: मंगळवार ६ जानेवारी आणि गुरुवार ४ जून.

दोन दिवस म्हणजे फार नाही असं त्याला वाटलं. पण त्याची बायको आणि मुलगी जूनमध्ये येणार आहेत आणि त्याने १ ते ५ जून अशी आठवडाभर रजा धरली होती. सार्वजनिक सुट्टी रजेतून वजा होत नाही. उल्मच्या यादीने त्या आठवड्याला चार रजा लागतात, चुकीच्या यादीने पाच कापल्या जातील. पहिल्या वर्षी, जेव्हा एकेक रजा नाशिकच्या तिकिटासाठी जपून ठेवायची असते, तेव्हा ती एक रजा मोठी आहे.

६ जानेवारीचं तर आणखीच महत्त्वाचं निघालं. त्याने आपल्या कागदावर लिहून ठेवलं होतं: "मंगळवारी सकाळी पत्ता नोंदवायला पालिकेच्या ऑफिसात." त्या दिवशी ते ऑफिस बंद, बँक बंद, दुकानंही बंद. घर रिकामं, भांडं नाही, तांदूळ नाही आणि उतरल्यावरची पहिलीच थंडी. मी त्याला सांगितलं, सोमवारी ऑफिस सुटलं की आधी दुकानात जा. दूध, ब्रेड, तांदूळ, साबण घे आणि मग घरी जा. नोंदणीची वेळ त्याने बुधवारची घेतली.

यादी शोधायला फार खटपट नाही. करारातला आर्बाइट्सऑर्टचा पूर्ण पत्ता काढायचा, ते गाव कोणत्या राज्यात आहे ते पाहायचं (पिनकोडवर विसंबू नका) आणि मग राज्याच्या नावाने शोधायचं. त्याला मी हे शब्द पाठवले:

```
Gesetzliche Feiertage Baden-Württemberg 2026
```

राज्याच्या गृहखात्याच्या पानावरची यादीच धरायची. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये "जर्मनीच्या सुट्ट्या" चालू केल्या की सगळ्या राज्यांचे दिवस एकत्र दिसू शकतात, त्यामुळे त्यावरून रजा टाकू नका. गाव बायर्नमध्ये असेल तर १५ ऑगस्टसाठी सांख्यिकी कार्यालयाची गावांची यादीही पाहावी लागते. आणि २४ व ३१ डिसेंबर कायद्याने सुट्टीचे दिवस नाहीत. पुष्कळ कंपन्या अर्धा किंवा पूर्ण दिवस देतात, पण ते कंपनीचं देणं, म्हणून ते करारात किंवा एचआरच्या मेलमध्ये शोधायचं.

त्याने हाम्बुर्गला मेल लिहिला. मी मसुदा पाहिला, त्यात फक्त करारातलं कामाचं ठिकाण आणि ६ जानेवारी व ४ जून या दोन तारखा ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, सोबत नवी यादी होती. त्याने ती मला पाठवली. मी परत आधी ऑक्टोबर पाहिला, मग जानेवारी. या वेळी बरोबर होती.

आईला मी अजून सांगितलेलं नाही की त्या १५ ऑगस्टला मी शेवटी ऑफिसला गेलो होतो. २०२६ मध्ये तो शनिवारी आहे, त्यामुळे पुलाच्या दोन्ही बाजूंना मी मोकळाच असेन. जिलेबी इथे घरी करून पाहायचा विचार आहे.