चौथ्या प्रश्नाने खाल्लेले 16 दिवस

सर्व्हे करून मला आता बरेच महिने झाले, तरी चौथ्या प्रश्नाचं नाव काढलं की अजून डोकं तापतं. एकूण प्रश्न आठ होते. त्यातले सात एका संध्याकाळी लिहून झाले. उरलेल्या एकाने 16 दिवस घेतले, आणि ते सगळे दिवस मी ज्या माणसावर चिडलो होतो तिचंच म्हणणं शेवटी खरं निघालं, याचा राग वेगळाच.

मी लाकडी वस्तू बनवतो. टेबलावर पेनं, कागद, चार्जर नीट राहावेत म्हणून खणांचे ट्रे, फोन ठेवायचे ठोकळे, असं काहीबाही. ऑनलाइन विकतो. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला आणणारा, घडी होणारा लाकडी स्टँड करायचं डोक्यात होतं. नमुना तयार होता. प्रश्न एवढाच होता की पहिला लॉट 300 चा काढायचा की 30 चा. 300 काढले तर लाकूड स्वस्त पडतं, पण विकले गेले नाहीत तर घरात चालायला जागा उरत नाही.

पहिला सर्व्हे मी नातेवाईक आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला. 52 जणांनी उत्तर दिलं, 45 जण ‘हो, घेऊ’ म्हणाले. मी हवेत. माझी मावसबहीण बरीच वर्षं सर्व्हेच्या कामात आहे. तिला आकडा सांगितला तर ती म्हणाली, “दादा, या 45 जणांकडे आज आगाऊ पैसे माग.” मागितले. दोघांनी दिले, त्यातले एक माझे सासरे.

तेव्हा कुठे मी फॉर्म तिच्याकडे पाठवला. चौथा प्रश्न असा होता: ‘मानदुखीपासून सुटका देणारा, हलका आणि मजबूत घडीचा स्टँड योग्य दरात मिळाला तर तुम्हाला आवडेल का?’ मला तो फार छान वाटला होता. तिने तो लाल करून परत पाठवला. मानदुखीपासून सुटका नको असं कोण म्हणेल? ‘हलका आणि मजबूत’ ही दोन गोष्टींची मोट आहे. एखाद्याला हलका हवा असेल आणि मजबुतीशी देणंघेणं नसेल, तर त्याने काय लिहायचं? ‘योग्य दर’ म्हणजे प्रत्येकाच्या मनातला वेगळा दर, आणि तो नेहमी आपल्या दरापेक्षा कमीच असतो. आणि ‘आवडेल’ म्हणजे विकत घेणं नव्हे. मला हत्ती आवडतो.

दुसऱ्या खेपेला मी सगळं छाटून टाकलं: ‘घडीचा लाकडी लॅपटॉप स्टँड तुम्ही विकत घ्याल का? हो / नाही.’ हाही परत. किंमत नाही, फोटो नाही, कधी घ्याल ते नाही. शिवाय हो-नाही एवढेच पर्याय ठेवले की डळमळीत माणूस ‘हो’कडे झुकतो, कारण समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं जिवावर येतं. त्यात विचारणारा स्वतः बनवणारा असेल तर बघायलाच नको.

तिसऱ्या खेपेला फोटो टाकला, किंमत टाकली, ‘पुढच्या 3 महिन्यांत’ हे शब्द टाकले आणि पाच पर्याय दिले: नक्की घेईन, बहुधा घेईन, सांगता येत नाही, बहुधा घेणार नाही, नक्की घेणार नाही. आता झालंच म्हणून मी पाठवायला बसलो, तर तिने नवीन खुसपट काढलं. पाच अनोळखी माणसं गाठ, एकेकाला फॉर्म दे आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांग. तू मध्ये बोलायचं नाहीस, समजावून सांगायचं नाहीस.

मी हे निव्वळ तिचं तोंड बंद करायला केलं. पहिल्याच माणसाने फोटो बघितला आणि म्हणाला, “उभं राहून काम करायचं टेबल ना हे?” फोटोत स्टँड एकटाच होता, लॅपटॉपशिवाय, त्यामुळे त्याचा आकारच कळत नव्हता. दुसऱ्या बाईंनी ‘नक्की घेईन’वर बोट ठेवलं आणि पुढे पुटपुटल्या, “म्हणजे ऑफिसने दिला तर.” तिसऱ्याने घरपोच पाठवण्याचा खर्च किमतीत धरला होता, मी धरला नव्हता. तिघांनीही फॉर्म गुपचूप भरला असता, तर त्यांची उत्तरं मला अगदी स्वच्छ दिसली असती.

याहून मोठी चूक तिसऱ्या प्रश्नात होती. तिथे मी विचारलं होतं, ‘काम करताना तुमची मान दुखते का?’ बिचारा निरुपद्रवी प्रश्न. पण माणूस त्याचं उत्तर देऊन मान चोळतच चौथ्या प्रश्नावर येतो, आणि मग स्टँड त्याला औषध वाटायला लागतो. तो प्रश्न उचलून सातव्या जागी टाकला. तिसऱ्या जागी आलं: ‘लॅपटॉप उंच करायला सध्या काय वापरता?’

अखेर चौथा प्रश्न असा झाला: ‘फोटोतला स्टँड घरपोच खर्च धरून वर लिहिलेल्या किमतीला मिळाला, तर पुढच्या 3 महिन्यांत तुम्ही तो स्वतःच्या पैशाने घ्याल का?’ फोटोत स्टँडवर लॅपटॉप. पर्याय तेच पाच. वाचायला रुक्ष आहे, मान्य. 16 दिवसांत माझ्या हाती एवढंच लागलं.

राहून गेलं ते इथेच सांगतो. ‘या वस्तूला किती पैसे द्याल?’ असं मोकळं विचारू नका. लोक घासाघीस सुरू झाल्यासारखा आकडा टाकतात. अर्ध्या लोकांना एक किंमत आणि अर्ध्यांना दुसरी दाखवून बघू, असाही माझा बेत होता. बहिणीने अडवलं, कारण इतक्या कमी माणसांत दोन गटांमधला दहा-पंधरा टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. आणि ‘तुम्ही लॅपटॉप किती वापरता: नेहमी, कधीकधी’ असंही नको. एकाचं ‘नेहमी’ म्हणजे दुसऱ्याचं ‘कधीकधी’ असतं. मागच्या 7 दिवसांत किती दिवस वापरला, ते विचारा.

माणसं निवडण्याचं काम त्यामानाने झटपट झालं. गेल्या दोन वर्षांतल्या ऑर्डरी काढल्या, दोनदा आलेली नावं गाळली, 720 ग्राहक उरले. 120 जणांना विचारायचं ठरवलं, म्हणजे दर सहावा माणूस. सुरुवात कुठून करायची ते मात्र मी ठरवायचं नाही, म्हणून लुडोचा फासा टाकला. चार पडले. मग 4, 10, 16 असं करत 718 पर्यंत. मधे दोन-तीन कटकटे ग्राहक आले, त्यांना वगळून शेजारचं नाव घ्यायचा मोह झाला. तो आवरला, कारण गोड बोलणारेच निवडायचे तर सासरे होतेच. यादी तारखेच्या क्रमाने होती, त्यामुळे जुने-नवे दोन्ही ग्राहक आपोआप आले. अर्थात ही सगळी माझ्याकडून आधी घेतलेली माणसं. ज्यांनी माझं नावच ऐकलेलं नाही त्यांच्याबद्दल हा सर्व्हे काहीही सांगत नाही.

पहिल्या तीन दिवसांत 31 उत्तरं आली. त्यात 11 जण ‘नक्की घेईन’ म्हणत होते, म्हणजे तिघांत एकाहून जास्त. मी फॉर्म बंद करून लाकडाची ऑर्डर द्यायला निघालो होतो. बहीण म्हणाली, “ज्यांना हवंय ते धावत आलेत. उरलेल्यांच्या मागे लाग.” दोनदा आठवण पाठवली, मग सरळ फोन केले. फोनवर प्रश्न शब्दशः वाचायचा, आपल्या पदरची साखर घालायची नाही. याने आणखी 43 उत्तरं मिळाली आणि त्यात ‘नक्की’वाले फक्त 6 निघाले. लवकर उत्तर देणारे आणि उशिरा देणारे वेगवेगळे मोजून बघा. दोघांत एवढी दरी असेल, तर ज्यांनी उत्तरच दिलं नाही ते उशिरावाल्यांच्या पलीकडचे समजावेत.

एका फोनवर तिसरा प्रश्न वाचला तर पलीकडचे गृहस्थ खुश होऊन म्हणाले, “पुस्तकांचा गठ्ठा ठेवलाय की! अगदी बरोब्बर उंची होते.” तोपर्यंत मी दुसऱ्या कंपन्यांचे स्टँड बघून घाबरत होतो. 74 पैकी 29 जणांकडे असाच गठ्ठा, खोका नाहीतर उशी होती. फुकटच्या गठ्ठ्याशी किमतीत कसं लढणार? पण गठ्ठा पिशवीत घालून नेता येत नाही. म्हणून विक्रीच्या पानावर मी ‘मजबूत’ खाली ढकललं आणि ‘घडी होतो’ वर आणलं.

हिशेब असा झाला. 74 पैकी 17 ‘नक्की’, म्हणजे 23 टक्के. ‘बहुधा’वाले मी मोजलेच नाहीत. पण 74 माणसांवरून निघालेला हा आकडा मागेपुढे दहा टक्के हलू शकतो, म्हणजे खरा आकडा 13 ते 33 मध्ये कुठेही असू शकतो. हा हलणारा भाग निम्म्यावर आणायचा तर चौपट माणसं लागतात. दुप्पट करून भागत नाही. आणि हे गणित फक्त योगायोगाचं आहे. गप्प बसलेल्या 46 जणांमुळे होणारी चूक त्यात येत नाही. त्यांना सगळ्यांना ‘नाही’ धरलं तर 120 पैकी 17, म्हणजे 14 टक्केच उरतात.

मग त्या 17 जणांना थोडी आगाऊ रक्कम भरून नाव नोंदवायला सांगितलं, नको असेल तर पूर्ण परत या बोलीवर. सहा जणांनी भरली. विचारलेल्या 120 मध्ये सहा, या हिशेबाने 720 मध्ये 36. सहा हा आकडा इतका लहान की तो तीन झाला असता किंवा दहा झाला असता तरी नवल नव्हतं, हे मला कळत होतं. तरी 300 च्या जवळपास तो कुठल्याच बाजूने जात नव्हता. मी 40 चा लॉट काढला.

तीन महिन्यांत 33 गेले. सात उरले, त्यातला एक आत्ता माझ्या लॅपटॉपखाली आहे. एक बहिणीला पाठवला. तिने फोटोसकट कळवलं की उंची थोडी कमी पडते, म्हणून तिने खाली दोन पुस्तकं ठेवली आहेत.